शून्य डेसिबलची रेघ ओलांडताना: एका मोटर सर्व्होच्या प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी

मांडणी पूर्ण झाली. एक डीसी मोटर, तिच्या शाफ्टवर पितळेची एक चकती, मागच्या बाजूला एन्कोडर आणि एका फेरीला ८००० काउंट. कंट्रोलर दर मिलिसेकंदाला एकदा एन्कोडर वाचतो आणि ड्रायव्हरला व्होल्टेज सांगतो. शाफ्टचा कोन सांगितलेल्या कोनाच्या मागोमाग जायला हवा, एवढंच काम आहे.

आधी मोटरची ओळख करून घेतली. स्थिर व्होल्टेज दिल्यावर वेग अंतिम वेगाच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला ५० मिलिसेकंद लागले. म्हणजे वेगाचा पोल २० रेडियन प्रति सेकंदावर. कोन हा वेगाचं इंटिग्रल, त्यामुळे मूळबिंदूवर आणखी एक पोल.

अट अशी होती की सेकंदाला १०० अंश या वेगाने कोन फिरवत असताना शाफ्ट ०.२ अंशापेक्षा जास्त मागे राहता कामा नये. साध्या प्रपोर्शनल कंट्रोलरसाठी याचा अर्थ वेग-स्थिरांक ५०० हवा. तेवढा गेन ठेवला आणि लूप बंद केला. हातातलं लूप गेनचं सूत्र असं:

```
L(s) = 500 / ( s * (1 + s/20) )
```

दहा अंशांची पायरी दिली. शाफ्ट लक्ष्याच्या पार पुढे निघून गेला, परत आला, पुन्हा पुढे गेला. पंधराएक झोके मोजले, तेव्हा कुठे झोका दहाव्या हिश्श्यावर आला. सगळं मिळून जवळपास एक सेकंद. टेबल थरथरत होतं. झोक्यांची वारंवारता १६ हर्ट्झच्या आसपास.

५ फेब्रुवारी

आज अंदाजाने काही बदलायचं नाही, आधी लूप गेन मोजायचा असं ठरवलं होतं.

लूप बंदच ठेवला आणि संदर्भ कोनाला ०.१ अंश उंचीची साइन लहर दिली. कंट्रोलरच्या आत एरर `e` आणि शाफ्टचा कोन `y` हे दोन्ही नोंदवून ठेवले. प्रत्येक वारंवारतेला `y` भागिले `e` हाच लूप गेन, उंचीसकट आणि फेजसकट. लूप उघडावा लागत नाही हा या पद्धतीचा मोठा फायदा. उघडला असता तर इंटिग्रेटरमुळे शाफ्ट भलतीकडेच वाहत गेला असता.

१५.८ हर्ट्झला, म्हणजे ९९ रेडियन प्रति सेकंदाला जे दिसलं ते नीट लिहून ठेवतो. संदर्भाची लहर ०.१ अंशाची. पण एररची लहर जवळजवळ २ अंशांची आणि शाफ्टची लहरही जवळजवळ २ अंशांची. दोघी सारख्याच उंच, पण एक वर जाते तेव्हा दुसरी खाली. एरर आणि कोन यांची बेरीज संदर्भाएवढी असायलाच हवी. इथे दोन मोठ्या लहरी एकमेकींना जवळपास पूर्ण खोडून काढत होत्या आणि उरलेला बारीक तुकडा म्हणजे मी दिलेला संदर्भ. वेगळ्या शब्दांत, माझ्या एवढ्याशा ढकलण्याला लूप वीसपट करून परत देत होता.

दोन्ही लहरी सारख्या उंच याचा अर्थ लूप गेन शून्य डेसिबल. त्यांच्यातली फेज उणे १७७ अंश निघाली. उणे १८० पासून जेमतेम ३ अंश दूर, म्हणजे फेज मार्जिन ३ अंश. क्रॉसओव्हरच्या, म्हणजे लूप गेन शून्य डेसिबल होतो त्या वारंवारतेला एरर किती पट फुगतो ते `1/(2*sin(PM/2))` या सूत्रातून मिळतं, आणि ३ अंशांना ते वीसच्या जवळ येतं. आकडा आणि पडद्यावरची लहर जुळल्या.

६ फेब्रुवारी

हे तीन अंश कुठून आले याचा हिशेब.

मूळबिंदूवरचा इंटिग्रेटर सरळ ९० अंश खातो. २० वरचा पोल ९९ ला आपल्या कोपऱ्यापासून जवळजवळ पाचपट पुढे गेलेला आहे, तो ७८.६ अंश खातो. उरले ११.४. शिवाय कंट्रोलर एन्कोडर वाचल्यावर एका नमुन्यानंतर व्होल्टेज देतो आणि ते व्होल्टेज पुढचा पूर्ण मिलिसेकंद तसंच धरून ठेवतो. त्यामुळे सरासरी दीड मिलिसेकंदाचा विलंब. ९९ रेडियन प्रति सेकंदाला तो ८.५ अंशांचा. ११.४ वजा ८.५, उरले २.९.

विलंब नसता तरी ११ अंशांनी फारसं भलं झालं नसतं. मुळातली अडचण उताराची आहे. गेनचा आलेख शून्याची रेघ ओलांडतो तिथे दोन्ही पोल कामाला लागलेले आहेत आणि उतार डिकेडला, म्हणजे वारंवारता दहापट होताना, ४० डेसिबल आहे. एक इंटिग्रेटर डिकेडला २० डेसिबल उतार देतो आणि त्याबरोबर ९० अंश फेज घेतो. हे दोन्ही एकाच गोष्टीचे दोन चेहरे आहेत. दोन इंटिग्रेटरसारखं वागणारं काहीही ४० चा उतार देईल आणि १८० अंश घेईल, मग उरणार काय?

बेल लॅब्जमधल्या हेंड्रिक बोडे यांनी १९४० मध्ये हा संबंध नेमक्या गणितात मांडला. ज्या प्रणालीत विलंब नाही आणि उजव्या अर्ध्या प्रतलात झिरो नाहीत, तिच्या गेनचा आलेख एकदा काढला की फेज आपोआप ठरते. ती वेगळी निवडायची मुभा नाही. एखाद्या वारंवारतेची फेज म्हणजे सगळ्या पट्ट्यातल्या उतारांची भारित सरासरी. जवळच्या उताराला भार जास्त, दूरच्याला कमी. भाराचं सूत्र `ln coth(|u|/2)`, इथे `u` म्हणजे वारंवारतांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. मी बेरीज करून पाहिली. त्या वारंवारतेभोवतीच्या एका डिकेडमध्ये, म्हणजे अर्धं अलीकडे आणि अर्धं पलीकडे, एकूण भाराच्या सुमारे ७४ टक्के येतो. दोन्ही बाजूंना एकेक पूर्ण डिकेड घेतलं तर ९२ टक्के.

म्हणजे क्रॉसओव्हरच्या बिंदूवर उतार सौम्य असून भागत नाही. त्याच्या आजूबाजूला सौम्य उताराची पुरेशी लांब पट्टी लागते. आजचा मुख्य मुद्दा हाच, म्हणून वहीत चौकट करून ठेवला.

७ फेब्रुवारी

पट्टी किती लांब हवी हे कागदावर तपासलं. एक साधा नमुना घेतला: आधी ४० चा उतार, मधे २० ची पट्टी, पुढे पुन्हा ४०. पट्टीच्या बरोबर मध्यावर क्रॉसओव्हर. पट्टीची सुरुवात क्रॉसओव्हरच्या `1/a` पटीवर आणि शेवट `a` पटीवर असेल, तर मार्जिन `atan(a) - atan(1/a)`.

`a` दीड असेल तर २२.६ अंश. दोन असेल तर ३६.९. तीनला ५३.१. चारला ६१.९. सुरुवातीला प्रत्येक पावलाला भरपूर मिळतं, नंतर मिळकत आटत जाते. एक पूर्ण डिकेड लांबीची पट्टी, म्हणजे `a` सुमारे ३.१६, ५४.९ अंश देते. माझ्या कामाला हे पुरे आहे.

मग शेजाऱ्यांचा उतार आणखी तीव्र करून पाहिला: ६०, मधे तीच एक डिकेडची २० ची पट्टी, पुन्हा ६०. क्रॉसओव्हरच्या जागेचा उतार साधारण पहिल्यासारखाच. मार्जिन मात्र २० अंशांवर आलं. पट्टीच्या बाहेरच्या तीव्र उतारांनी आत हात घालून ३५ अंश काढून नेले. "क्रॉसओव्हरला २० चा उतार ठेवा" हे वाक्य आपण सगळेच पाठ म्हणतो. पट्टीच्या लांबीबद्दल त्यात एक शब्द नाही, म्हणून मला ते अपुरं वाटतं.

१० फेब्रुवारी

लीड कॉम्पेन्सेटर टाकला. झिरो ३१.६ वर, पोल ३१६ वर, म्हणजे मध्य बरोबर १०० वर. झिरो उताराला २० ने सौम्य करतो, पोल तो पुन्हा तीव्र करतो आणि मधे एक डिकेडची पट्टी मिळते.

याची किंमत लगेच समोर आली. १०० रेडियनला लीड स्वतःच गेन ३.१६ पट वाढवतो. क्रॉसओव्हर १०० वरच ठेवायचा तर मूळ गेन ५०० वरून १६० च्या आसपास आणावा लागला. मग सेकंदाला १०० अंशांच्या वेगात शाफ्ट ०.६ अंशांनी मागे पडणार. अट मोडली.

म्हणून खालच्या वारंवारतांसाठी इंटिग्रल जोडलं, कोपरा १० रेडियनवर. क्रॉसओव्हरच्या दहाव्या हिश्श्यावर असल्यामुळे ते १०० ला फक्त ५.७ अंश खातं. एकसमान वेगातली मागे राहण्याची चूक आता शून्यावर जाते, अट आपोआप पाळली जाते. एकूण गणित असं:

```
import numpy as np
s = 1j*100.0
L = 160.4*(1+10/s)*(1+s/31.6)/(1+s/316)
L = L/(s*(1+s/20))*np.exp(-0.0015*s)
print(abs(L), 180+np.degrees(np.angle(L)))
```

गेन १ आणि मार्जिन ५२ अंशांच्या जवळ. प्रत्यक्ष मोजणीतही दोन अंशांच्या फरकाने तेच आलं.

दहा अंशांची पायरी पुन्हा दिली. शाफ्ट थोडा पुढे गेला, परत आला आणि थांबला. टेबल शांत. तो थोडा पुढे जाणारच. लूपमध्ये दोन इंटिग्रेटर असतील तर पायरीनंतरच्या एररची एकूण बेरीज शून्य व्हावी लागते, आणि एकदा तरी पलीकडे गेल्याशिवाय ती शून्य होत नाही. ते पुढे जाणं खपत नसेल तर संदर्भ गुळगुळीत करून द्यायचा. त्यासाठी लूपला हात लावायचा नाही.

१२ फेब्रुवारी

एक नवी तक्रार. शाफ्ट जागेवर असताना मोटर गुणगुणते आणि तासाभराने हाताला कोमट लागते.

कारण सापडायला वेळ लागला नाही. लीडचा झिरो आणि पोल यांच्यात दहापट अंतर आहे, त्यामुळे वरच्या वारंवारतांना तो गेन दहापट करतो. एन्कोडरचा एक काउंट ०.०४५ अंशांचा. शाफ्ट दोन काउंटांच्या सीमेवर उभा असला की वाचन अलीकडे-पलीकडे उडत राहतं आणि ती उडी दहापट होऊन ड्रायव्हरकडे जाते. सौम्य उताराची ही दुसरी बाजू आहे. गेन सावकाश उतरतो, म्हणून क्रॉसओव्हरच्या वर तो जास्त काळ रेंगाळतो आणि गोंगाटाला वाट मिळते.

एररवर दुसऱ्या क्रमाचा बटरवर्थ लो-पास फिल्टर टाकला, कोपरा ३०० रेडियनवर. क्रॉसओव्हरपासून तिप्पट दूर आहे, फारसा फरक पडणार नाही असं धरून चाललो. गुणगुण थांबली. घाईत फक्त गेनचा आलेख पाहिला. १०० ला जुना आणि नवा एकमेकांवर बसत होते, फरक ०.०५ डेसिबल. क्रॉसओव्हर हललाच नाही. समाधानाने काम बंद केलं.

१३ फेब्रुवारी

सकाळी आमच्या गटातल्या ज्येष्ठ मॅडम शाफ्टची जडत्वं बदलून पाहायला आल्या. चकतीचं जडत्व मोटरच्या रोटरएवढंच आहे, त्यामुळे चकती काढली की एकूण जडत्व निम्मं होतं. त्यांनी चकती काढली, मी लूप चालू केला.

मोटर ओरडायला लागली. शाफ्ट सेकंदाला सत्तावीस-एक वेळा मागेपुढे आपटत होता आणि झोका वाढत वाढत एका उंचीवर अडकला. मी आपत्कालीन बटण दाबलं. काही तुटलं नाही, पण कपलिंगचा एक स्क्रू सैल झाला.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "फेज पाहिलीस का फिल्टर टाकल्यावर?"

नव्हती पाहिली. "गेन तर हलला नव्हता, मॅडम," मी म्हणालो.

"गेन आज हलत नाही, पुढे पडणार आहे. फेज ते आधीच सांगते," त्या म्हणाल्या आणि फळ्यावर फिल्टरचा उतार काढून दाखवला.

दिवसभर त्यांच्या त्या वाक्याचा हिशेब केला. चकती असताना १०० रेडियनला फिल्टर गेन जवळपास काहीच कमी करत नाही, पण फेज २८ अंश खातो. मार्जिन ५२ वरून २४ वर आलं होतं. काल पायरी देऊन पाहिली असती तर झोके दिसले असते. पायरीही दिली नव्हती.

हे बोडे यांच्या भारित सरासरीचंच रूप. ३०० च्या पुढे फिल्टर स्वतःचा ४० चा उतार जोडतो, लीडचा पोलही तिथेच ३१६ ला आहे, आणि एकूण उतार थेट डिकेडला ८० पर्यंत जातो. तो तीव्र उतार क्रॉसओव्हरपासून अर्ध्या डिकेडवर उभा आहे. सरासरीत त्याला भरपूर भार मिळतो. माझ्या पट्टीचा उजवा अर्धा भाग मी स्वतःच कुरतडला होता आणि गेनच्या आलेखात १०० च्या जागी त्याची खूण दिसत नव्हती.

चकती काढल्यावर काय झालं ते आता सरळ आहे. जडत्व निम्मं झाल्यावर वेगाचा पोल २० वरून ४० वर गेला. त्यामुळे वरच्या पट्ट्यातला गेन दुप्पट झाला आणि क्रॉसओव्हर १०० वरून सुमारे १६९ वर सरकला. तिथे फिल्टर एकटा ४९ अंश खातो आणि दीड मिलिसेकंदाचा विलंब १४.५ अंश. सगळी बेरीज उणे १८३. मार्जिन उणे तीन अंश. १६९ रेडियन म्हणजे २६.९ हर्ट्झ, कानाने ऐकलं तेच.

झोका वाढून अडकला त्याचं कारण ड्रायव्हरची मर्यादा. व्होल्टेज कमाल मर्यादेला धडकायला लागलं की लूपचा परिणामी गेन कमी होतो, क्रॉसओव्हर किंचित खाली येतो आणि मार्जिन शून्य होतं तिथे झोका स्थिरावतो. ही मर्यादा नसती तर तो वाढतच राहिला असता. असं टिकून राहणारं आंदोलन दिसलं की लूप स्थिर-अस्थिरच्या काठावर आहे असा समज होतो. मोठ्या झोक्यांना तो खरोखर काठावर असतो. लहान झोक्यांना तो अस्थिरच असतो, नाहीतर झोका मुळात वाढलाच नसता.

१४ फेब्रुवारी

फिल्टर काढून टाकला तर गुणगुण परत येते. ठेवला तर पट्टी आखूड होते. मधला मार्ग शोधायचा होता.

एक पर्याय म्हणजे सगळाच क्रॉसओव्हर खाली आणणं, समजा ५० वर, आणि लीडसकट सगळे कोपरे त्या प्रमाणात सरकवणं. मग ३०० चा फिल्टर सहापट दूर जातो. पण बाहेरून शाफ्टला धक्का लागला की सावरायला दुप्पट वेळ लागणार. तो पर्याय शेवटचा म्हणून ठेवला.

दुसरा पर्याय विलंबाचा. विलंब गेनच्या आलेखात कधीच दिसत नाही, कुठल्याच वारंवारतेला. बोडे यांचा नियम त्याला लागू होत नाही, तो फक्त फेज खातो. म्हणजे उताराशी तडजोड न करता फेज परत मिळवायची असेल तर ती इथेच सापडते. कंट्रोलरचा वेग मिलिसेकंदावरून पाव मिलिसेकंदावर आणला. प्रोसेसरवर जागा होती, इतके दिवस वापरलीच नव्हती. विलंब १.५ वरून ०.३७५ मिलिसेकंद. १०० रेडियनला साडेआठ अंशांऐवजी आता दोनच अंश जातात, साडेसहा परत मिळाले. सॅम्पलिंग बदलल्यावर लीड, इंटिग्रल आणि फिल्टर यांचे डिजिटल गुणांक नव्याने काढावे लागतात. ते विसरलं तर सगळे कोपरे चौपट वर सरकतात. मी आधी यादी करून एकेक तपासला.

मग फिल्टरचा कोपरा ३०० वरून १००० वर नेला. क्रॉसओव्हरपासून आता पूर्ण डिकेडभर दूर. १०० ला तो ८ अंश खातो. विलंबातून मिळालेले साडेसहा यात जवळपास फिटले. मार्जिन ५० अंश.

गुणगुण पूर्ण गेली नाही. कान जवळ नेला तर ऐकू येते, मोटर मात्र तासाभरानंतरही थंड असते. मला हे चालेल. अजून शांतता हवी असेल तर जास्त काउंटचा एन्कोडर लावावा. पट्टी आखूड करून ती विकत घेऊ नये असं माझं मत आता पक्कं झालं आहे.

१७ फेब्रुवारी

आज मॅडमसमोर पूर्ण चाचणी. कपलिंगचा स्क्रू घट्ट केला, आपत्कालीन बटणावर त्या स्वतः हात ठेवून बसल्या.

आधी एका चकतीने मोजलं: क्रॉसओव्हर १०० रेडियनला, मार्जिन ५० अंश. मग तीन चकत्या लावल्या. रोटरसकट एकूण जडत्व दुप्पट झालं, पोल १० वर उतरला. क्रॉसओव्हर ५७ वर आला. मार्जिन ४५.

शेवटी चकती काढली, ज्या स्थितीत गुरुवारी मोटर ओरडली होती तीच. लूप चालू करताना दोघंही गप्प होतो. शाफ्ट जागेवर गेला आणि थांबला. क्रॉसओव्हर १७६ वर मोजला, मार्जिन ४२.

जडत्व चौपट बदललं आणि क्रॉसओव्हर तिपटीहून जास्त फिरला, पण मार्जिन ४२ ते ५० च्या आतच राहिलं. फेजचा आलेख काढला तर मधे एक बुटका, रुंद डोंगर दिसतो. एक चकती असताना त्याचा माथा ६० च्या आसपास. डोंगराचा डावा उतार इंटिग्रल आणि लीडचा झिरो मिळून बनवतात, उजवा लीडचा पोल, फिल्टर आणि विलंब. क्रॉसओव्हर या डोंगरावर कुठेही बसला तरी चालतं. आधीचा फिल्टर असताना डोंगराची उजवी बाजू तुटलेल्या कड्यासारखी होती.

मॅडमनी एक आक्षेप घेतला आणि तो रास्त आहे. उतार ४० चा असता तर जडत्व चौपट बदलूनही क्रॉसओव्हर फक्त दुप्पट सरकला असता. सौम्य उतारावर गेनमधला लहान बदलही क्रॉसओव्हरला लांब नेतो, त्यामुळे पट्टी क्रॉसओव्हरच्या एका जागेपुरती आखून भागत नाही. तो जिथपर्यंत भटकू शकतो त्या सगळ्या टापूला पुरेल एवढी ती हवी. माझ्या बाबतीत ५७ ते १७६ ही सगळी रुंदी ३१.६ ते ३१६ च्या पट्टीत बसली. त्या रुंदीच्या दोन्ही टोकांना पट्टी अजून थोडी शिल्लक होती, म्हणूनच टोकांचं मार्जिनही चाळिशीच्या वर राहिलं. जडत्व दहापट बदलणारं यंत्र असतं तर हीच पट्टी तोकडी पडली असती आणि भाराप्रमाणे गेन बदलावा लागला असता.

१८ फेब्रुवारी

प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये तपासणीचा नियम बदलून ठेवला. आधी लिहिलं होतं, "क्रॉसओव्हर मोजा." आता लिहिलं आहे: लूपमध्ये काहीही नवं जोडलं, अगदी "दूरचा" फिल्टरसुद्धा, तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त जडत्वाला लूप गेन मोजायचा, प्रत्येक वेळी गेनसोबत फेजही छापायची आणि दहा अंशांची पायरी देऊन झोके मोजायचे. एकापेक्षा जास्त झोके दिसले तर लूप तसाच चालू ठेवायचा नाही.

कपलिंगचे सगळे स्क्रू आज पुन्हा तपासले. सैल झालेल्या स्क्रूवर रंगाची खूण केली आहे, पुढच्या आठवड्यात ती जागेवरून सरकली आहे का ते पाहायचं.